चौकट तीच, मजकूर नवा

अनेक शाळांत आता वर्गात किंवा सभागृहात प्रोजेक्टर असतो. सोमवारच्या परिपाठानंतर पडद्यावर 'आठवड्याचा विज्ञानप्रश्न' दाखवण्याची पद्धतही काही ठिकाणी रुळली आहे. वर एक प्रश्न, खाली चार-सहा ओळींत उत्तर, बाजूला एक चित्र, एवढेच त्याचे स्वरूप. पण हे काम चार आठवड्यांत कंटाळवाणे होऊ लागते आणि त्याचे कारण विज्ञान नसून मांडणी असते. या आठवड्याचे उत्तर लांबले म्हणून अक्षर लहान केले, पुढच्या आठवड्यात चित्र उभे निघाले म्हणून मजकूर डावीकडे सरकवला, तिसऱ्या वेळी शीर्षक दोन ओळींचे झाले म्हणून सगळेच खाली ढकलले. दर आठवड्याला स्लाइड नव्याने रचावी लागते आणि प्रत्येक वेळी ती थोडी अधिक बिघडते.

यावर उपाय म्हणजे साचा. साचा म्हणजे सुंदर पार्श्वभूमी नव्हे. कोणता मजकूर कोठे बसेल, किती मोठ्या अक्षरात बसेल आणि जास्तीत जास्त किती बसेल, हे एकदाच ठरवून ठेवलेले नियम म्हणजे साचा. मनीऑर्डरच्या फॉर्मवर नाव, पत्ता आणि रक्कम यांच्या जागा ठरलेल्या असत आणि भरणारा मनुष्य त्या जागांत लिहीत असे. आपल्या स्लाइडचेही तसेच करायचे आहे. या लेखात आपण असा एक साचा पहिल्यापासून आखून पाहू. आखणीला सुरुवात मात्र संगणकापासून न करता वर्गातल्या शेवटच्या बाकापासून करू.

शेवटच्या बाकावरून अक्षर केवढे दिसते?

निरोगी डोळ्याला अक्षर जेमतेम ओळखता येण्यासाठी ते डोळ्याशी सुमारे ५ कला एवढा कोन करणारे असावे लागते. एका अंशात ६० कला असतात. नेत्रतज्ज्ञांचा दृष्टी तपासण्याचा तक्ता याच मापावर बेतलेला असतो. पण जेमतेम ओळखणे वेगळे आणि सहा ओळी आरामात वाचणे वेगळे. म्हणून आपण त्याच्या तिप्पट, म्हणजे १५ कलांचा कोन धरू. थोडे त्रिकोणमितीचे गणित केले की सोपा नियम हाती येतो: अक्षराची उंची ही वाचणाऱ्याच्या अंतराच्या सुमारे २३० व्या भागाएवढी हवी.

समजा, शेवटचा बाक पडद्यापासून ९ मीटरवर आहे. ९००० मिलिमीटरचा २३० वा भाग म्हणजे ३९ मिलिमीटर. पडद्यावर अक्षर एवढे उंच हवे.

आता हे माप स्लाइडच्या भाषेत आणायचे. पॉवरपॉइंटची आडवी स्लाइड (रुंदी-उंचीचे प्रमाण १६:९) १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. एका इंचात ७२ पॉइंट. म्हणून स्लाइड ९६० पॉइंट रुंद आणि ५४० पॉइंट उंच झाली. या दोन संख्या लक्षात ठेवाव्यात, कारण पुढचे सगळे हिशेब त्यांवर आहेत. पडद्यावरचे चित्र २ मीटर रुंद असेल तर त्याची उंची ११२५ मिलिमीटर होईल. ५४० पॉइंटांचे ११२५ मिलिमीटर, म्हणजे एका पॉइंटचे सुमारे २.१ मिलिमीटर. त्या हिशेबाने ३९ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १९ पॉइंट.

मग अक्षराचा आकार १९ ठेवावा काय? नाही. फॉन्टचा जो आकार आपण निवडतो, त्यात वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांचीही जागा धरलेली असते. शिरोरेषेपासून पायापर्यंतचे अक्षराचे अंग त्याहून बरेच लहान असते. आपल्या फॉन्टमध्ये हे प्रमाण किती आहे ते कोणालाही मोजता येते. 'न' हे अक्षर १०० पॉइंट आकारात कागदावर छापा आणि पट्टीने शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजा. १०० पॉइंट म्हणजे ३५.३ मिलिमीटर. मोजलेली उंची २१ मिलिमीटर भरली तर प्रमाण ०.६ झाले. मग १९ ला ०.६ ने भागून ३२ पॉइंट येतात. हा आपल्या उत्तराच्या अक्षराचा आकार. तो आवडीने निवडलेला नसून वर्गाच्या लांबीवरून निघालेला आहे. म्हणूनच तो पुढे मजकुराच्या सोयीसाठी बदलायचा नाही.

जागांची आखणी

आता कागदावर ९६० × ५४० चा आयत काढू. चारही बाजूंना ४८ पॉइंटांचा समास सोडला की आत ८६४ × ४४४ एवढी जागा उरते. तिची उंची वरून खाली अशी वाटू:

शीर्षक, एक ओळ: ६४
मोकळी जागा: २४
उत्तर आणि चित्र: २८८
मोकळी जागा: २०
तळटीप, एक ओळ: ४८

बेरीज ४४४ येते. मधल्या पट्ट्याची रुंदी उत्तरासाठी ५२०, मधे २४ मोकळे आणि चित्रासाठी ३२० अशी वाटली, की ८६४ पूर्ण होतात. शीर्षक ४४ पॉइंट आणि उत्तर ३२ पॉइंट. तळटिपेत तारीख आणि चित्र कोठून घेतले ते २४ पॉइंटांत येईल. शेवटच्या बाकावरून वाचता आले नाही तरी चालेल, असेच तेवढे तेथे लिहायचे.

उत्तराच्या चौकटीची उंची २८८ का? दोन ओळींच्या पायांतले अंतर आपण ४८ पॉइंट, म्हणजे अक्षराच्या दीडपट ठरवले आहे. ४८ च्या सहा ओळी म्हणजे २८८. इंग्रजी मजकुराला यापेक्षा बरेच कमी अंतर पुरते, पण देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, अनुस्वार एकमेकांना भिडू शकतात. तपासण्यासाठी वरच्या ओळीत 'कृष्ण, हृदय, सुट्टी, समूह' आणि तिच्याखाली 'सर्वांत, शैली, कीर्ती, चौकोन' असे शब्द लिहून पाहावेत. कोठेही चिन्हे एकमेकांत अडकत नसतील तर अंतर पुरेसे आहे.

हे अंतर 'दीडपट' असे न सांगता थेट पॉइंटांत सांगावे. पॉवरपॉइंटमध्ये `Line Spacing` खाली `Exactly` निवडून ४८ लिहावेत. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये यासाठी `Fixed` आहे. याचे कारण असे, की 'दीडपट' म्हटले की कार्यक्रम फॉन्टची स्वतःची उंची धरून गुणाकार करतो आणि ती प्रत्येक देवनागरी फॉन्टची वेगळी असते. पॉइंटांत सांगितले की सहा ओळी नेहमी २८८ पॉइंटच घेतील.

येथे एक बारीकशी अडचण येते. पॉवरपॉइंटमधील मजकुराच्या चौकटीला आतून अदृश्य समास असतो: डावी-उजवीकडे प्रत्येकी ७.२ पॉइंट आणि वर-खाली प्रत्येकी ३.६ पॉइंट. म्हणजे २८८ उंचीच्या चौकटीत मजकुराला २८०.८ पॉइंटच मिळतात आणि सहावी ओळ थोडक्यात बाहेर जाते. कागदावरचा हिशेब बरोबर असूनही पडद्यावर पाचच ओळी बसत असतील, तर प्रथम हे तपासावे. `Format Shape` मध्ये चारही समास शून्य केले की हिशेब जुळतो.

किती अक्षरे बसतील?

चौकट ठरली. आता लिहिणाऱ्याला काय सांगायचे? 'सहा ओळींत लिहा' हे पुरत नाही, कारण तो वहीत लिहितो आणि वहीतली ओळ म्हणजे स्लाइडवरची ओळ नव्हे. त्याला अक्षरांची संख्या सांगावी लागेल. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हाही हाताने लिहिलेला मजकूर किती जागा घेईल याचा अंदाज अक्षरे मोजूनच बांधत.

मराठीत अक्षर मोजताना एक सावधगिरी हवी. संगणक ज्याला अक्षर म्हणतो ते आपले अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी चिन्हे तो वेगवेगळी मोजतो. 'कमळ' हा शब्द तक्त्याच्या कार्यक्रमात लिहून `=LEN(A1)` विचारले तर उत्तर ३ येते. 'विद्यार्थी' लिहिले तर १० येते: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. आपण मात्र तो वि-द्या-र्थी असा तीन अक्षरांचा वाचतो आणि पडद्यावर तो जागाही साधारण तेवढ्याच हिशेबाने घेतो. म्हणून संगणकाच्या मोजणीवर मर्यादा बेतली तर जोडाक्षरे अधिक असलेला मजकूर विनाकारण अपात्र ठरेल. हाताने मोजणे सोपे आहे: जोडाक्षर एक, काना-मात्रेसह अक्षर एक, शब्दांमधली जागा मोजायची नाही.

आता क्षमता. ती सूत्राने न काढता मोजून काढावी, कारण मराठी शब्द लांब असतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. 'विद्यार्थ्यांसाठी' किंवा 'सूर्यमालेबाहेरील' असा शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही, की तो सगळाच खाली उतरतो आणि वरची ओळ तीन-चार अक्षरांनी तोकडी राहते. हे नुकसान दर मजकुरात वेगळे असते.

म्हणून आपल्याच विषयाचे पाच लांब उतारे घ्यावेत, प्रत्येक उतारा चौकटीत ओतावा आणि पहिल्या सहा ओळींत किती अक्षरे आली ते मोजावे. समजा, संख्या ११६, १११, १०८, ११३ आणि १०९ आल्या. त्यांची सरासरी काढायचा मोह टाळावा. सरासरीवर मर्यादा ठेवली तर साधारण निम्मे मजकूर बाहेर सांडतील. सर्वांत लहान संख्या १०८ घ्यावी आणि तीही थोडी खाली आणून मर्यादा १०० ठरवावी. शीर्षकासाठी याच रीतीने मोजून २० अक्षरे ठरवली आहेत असे धरू.

एक उदाहरण

या आठवड्याचा प्रश्न आहे, 'चंद्र क्षितिजावर मोठा का दिसतो?' शीर्षकाची अक्षरे १३, म्हणजे ते बसले. नववीच्या विद्यार्थ्याने उत्तर असे लिहून आणले आहे:

'उगवताना क्षितिजाजवळ असलेला पौर्णिमेचा चंद्र आपल्याला डोक्यावर आलेल्या चंद्रापेक्षा पुष्कळ मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या आकारामध्ये कोणत्याही प्रकारचा बदल झालेला नसतो. हा आपल्या दृष्टीला होणारा एक भ्रम आहे. याची खात्री करून घेण्यासाठी हात लांब करून चंद्रासमोर करंगळी धरा. उगवताना आणि मध्यरात्री, दोन्ही वेळा करंगळीच्या नखामागे चंद्र सारखाच झाकला जातो.'

मोजली तर १५२ अक्षरे भरतात. ओळीला सुमारे १८ अक्षरे धरली तर हा मजकूर नऊ ओळी घेईल. तीन ओळी जास्त झाल्या.

येथे बहुतेक कार्यक्रम आपल्याला मदत करू पाहतात. मजकूर वाढला की अक्षर आपोआप लहान करण्याची सोय त्यांत असते. पॉवरपॉइंटमध्ये तिचे नाव `Shrink text on overflow`. ही सोय चालू असेल तर आपल्या ३२ पॉइंटांचे २६-२७ होतील आणि सगळा मजकूर चौकटीत नीटनेटका बसलेला दिसेल. शिक्षक संगणकासमोर हातभर अंतरावर बसलेले असतात, त्यांना काहीच जाणवणार नाही. पण २६ पॉइंटांचे अक्षर आपल्या हिशेबाने सात-सव्वासात मीटरपर्यंतच आरामात वाचता येते. म्हणजे मागच्या दोन-तीन बाकांवरच्या मुलांची गैरसोय झाली आणि ते कोणाला कळलेही नाही. म्हणून साच्यात ही सोय बंद करून `Do not Autofit` निवडावे. मग जास्तीचा मजकूर चौकटीखाली उतरून तळटिपेवर आलेला दिसतो. ते वाईट दिसते, आणि तेच हवे आहे. चूक दिसली तर ती दुरुस्त होते.

आता दुरुस्ती मजकुरात करायची. 'क्षितिज' शीर्षकात आलेलेच आहे. 'प्रत्यक्षात', 'कोणत्याही प्रकारचा', 'याची खात्री करून घेण्यासाठी' हे शब्द नसले तरी अर्थ राहतो. 'आपल्या दृष्टीला होणारा एक भ्रम' म्हणजे 'दृष्टिभ्रम'. पण 'पौर्णिमेचा' हा शब्द? तोही काढावा असे वाटेल. तो काढला तर उत्तर चुकेल. संध्याकाळी उगवून मध्यरात्रीच्या सुमारास आकाशात सर्वांत उंच येणारा चंद्र पौर्णिमेचाच असतो. अष्टमीचा चंद्र पाहायला गेलेल्या मुलाला शेवटचे वाक्य खोटे वाटेल. तो शब्द ठेवून उत्तर असे होते:

'पौर्णिमेचा उगवता चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा मोठा वाटतो, पण त्याचा आकार बदललेला नसतो. हा दृष्टिभ्रम आहे. हात लांब करून चंद्रासमोर करंगळी धरा. उगवताना आणि मध्यरात्री, दोन्ही वेळा तो नखामागे सारखाच झाकला जातो.'

ही ९३ अक्षरे झाली. मजकूर सहा ओळींत बसला आणि अक्षर ३२ पॉइंटच राहिले. कात्री लावताना प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: हा गेला तर विधान खोटे ठरेल काय? जो शब्द गेल्याने विधान खोटे ठरते तो राहतो, मग तो कितीही लांब असो. असे करूनही मजकूर मावत नसेल तर त्या प्रश्नाला दोन स्लाइड द्याव्यात किंवा प्रश्नच लहान करावा. चौकट मात्र ताणायची नाही.

साचा संगणकात कोठे ठेवावा?

पुष्कळजण मागच्या आठवड्याची स्लाइड उघडून तिच्यावरच नवा मजकूर लिहितात. त्यात चौकटी प्रत्यक्ष स्लाइडवर असतात, माउसच्या धक्क्याने त्या सरकतात आणि सरकलेली जागाच पुढच्या आठवड्याची मूळ जागा होते. दहा-बारा आठवड्यांत मूळ आखणीचा मागमूस राहत नाही.

त्याऐवजी आखणी `View` मधील `Slide Master` मध्ये करावी. तेथे एक स्वतंत्र मांडणी तयार करून `Insert Placeholder` ने शीर्षक, मजकूर आणि चित्र यांच्या राखीव जागा ठेवाव्यात आणि वरची सगळी मापे त्यांनाच द्यावीत. समास, ओळींचे अंतर आणि अक्षर लहान न करण्याची सूचना हेही तेथेच ठरवावे. या राखीव जागांत जे सूचनेचे शब्द दिसतात तेही आपल्याला बदलता येतात. तेथे 'उत्तर: ६ ओळी, १०० अक्षरे' असे लिहून ठेवले तर भरणाऱ्याला मर्यादा समोरच दिसते, आणि स्लाइड दाखवताना ते शब्द पडद्यावर येत नाहीत. पुढे कोणी चौकट सरकवली तरी `Reset` दाबले की ती मूळ जागी परत येते. दुसरीकडून उचललेला मजकूर डकवताना `Keep Text Only` निवडावे, नाहीतर तो आपला आकार आणि फॉन्ट बरोबर घेऊन येतो.

चित्राच्या जागेबद्दल एकच सूचना. आपली जागा ३२० × २८८, म्हणजे जवळजवळ चौरस आहे. पॉवरपॉइंटमधील चित्राची राखीव जागा भरण्यासाठी चित्र मधोमध धरून कडा कापल्या जातात. उभे छायाचित्र टाकले तर वरची कड जाते आणि शास्त्रज्ञाचे कपाळ कापले जाते. `Crop` वापरून चित्र आतल्या आत सरकवता येते. जागेचा आकार बदलू नये.

एक धोका साच्याबाहेरचा आहे. घरच्या संगणकावर तयार केलेली स्लाइड शाळेतल्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फॉन्ट नसला, तर कार्यक्रम स्वतःच दुसरा देवनागरी फॉन्ट घेतो. त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी असल्याने ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि बसलेला मजकूर सांडतो. ओळींचे अंतर पॉइंटांत बांधले असल्यामुळे उंचीचा हिशेब टिकतो, रुंदीचा टिकत नाही. म्हणून दोन्हीकडे एकच फॉन्ट बसवावा किंवा तो फाइलमध्येच अंतर्भूत करावा. सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे १०० अक्षरांचा एक मजकूर शाळेच्या संगणकावर उघडून ओळी मोजणे.

साच्याची मर्यादा

हा साचा ९ मीटरच्या वर्गासाठी आहे. तोच १८ मीटर लांबीच्या सभागृहात, तेवढ्याच पडद्यावर लावायचा झाला तर काय होईल? अंतर दुप्पट, म्हणून अक्षर दुप्पट, म्हणजे ६४ पॉइंट हवे. उत्तराच्या चौकटीत सहाऐवजी तीनच ओळी बसतील आणि प्रत्येक ओळीत अक्षरेही निम्मीच. म्हणजे १०० अक्षरांच्या जागी २५. एवढ्यात चंद्राचे उत्तर मावणार नाही, फक्त प्रश्न मावेल. अशा सभागृहात पडद्यावर प्रश्न आणि चित्र दाखवून उत्तर तोंडी सांगावे, किंवा मोठा पडदा मिळवावा.

हा सगळा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात करून घेण्याजोगा आहे. एका गटाने टेप घेऊन शेवटच्या बाकाचे अंतर आणि पडद्यावरच्या चित्राची रुंदी मोजावी, दुसऱ्याने छापलेल्या 'न' वरून फॉन्टचे प्रमाण काढावे आणि तिसऱ्याने उतारे ओतून अक्षरे मोजावीत. मग ठरलेल्या आकाराच्या सहा ओळी पडद्यावर लावून शेवटच्या बाकावरच्या मुलांना त्या वाचायला सांगाव्यात. काहींना त्या वाचता आल्या नाहीत, तर प्रथम पडद्यावर पडणारा खिडकीचा उजेड पाहावा. उजेड अडवूनही एखाद्यालाच वाचता येत नसेल, तर त्याच्या पालकांना डोळे तपासून घेण्यास सुचवावे.